तोपर्यंत तू बघ

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पन्नास-साठ माणसांचा कारखाना घ्या. तिथल्या ऑफिसात एक तरी माणूस असा सापडतो, की त्याचं नेमकं काम काय हे विचारलं तर मालकालाही पटकन सांगता येत नाही. पगाराच्या स्लिपवर ‘अकाउंट्स असिस्टंट’ असतं. पण गाडी अडकली की त्याला फोन, पीएफचा मेसेज आला नाही की कामगार त्याच्याकडे, आणि एसी बंद पडला तरी हाक त्यालाच. असा माणूस बहुतेकदा कामसू असतो आणि त्याच्या कामसूपणामुळेच तो असा होतो.

उदाहरण म्हणून सुट्या भागांच्या एका कारखान्यातली अकाउंट्स असिस्टंट घेऊ. आकडे मी सोयीसाठी मांडलेले आहेत, पण प्रसंग या वसाहतींत कुणालाही ओळखीचे वाटतील. बी.कॉम. झालेली, टॅलीवर हात बसलेला. तिला घेतलं तेव्हा काम ठरलेलं होतं: खरेदी-विक्रीच्या बिलांच्या एंट्र्या, बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस आणि जीएसटीची तयारी. पगार चोवीस हजार. आठ महिन्यांनी एचआर बघणारा मुलगा दुसरीकडे गेला. मालक म्हणाले, “नवीन माणूस मिळेपर्यंत पगारपत्रक तू बघ.” नवीन माणूस शोधायचा फारसा प्रयत्न झालाच नाही, कारण पगार वेळेवर होत होते. पुढे स्टोअरकीपर लांबच्या रजेवर गेला आणि आलेल्या मालाची नोंद, म्हणजे जीआरएन, तिच्याकडे आली. मग मोठ्या कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर माल निघाल्याची माहिती भरायचं काम आलं, कारण ‘कॉम्प्युटर तिला चांगला येतो’. मालकांची विमानाची तिकिटं कधी तिच्याकडे आली हे तिलाही आठवत नाही.

इथे मालक लबाडच होता असं धरून चालायचं कारण नाही. छोट्या कारखान्यात एखादी जागा रिकामी झाली आणि तरीही काम अडलं नाही, तर ती जागा लागतच नव्हती असा अर्थ आपोआप निघतो. काम कुणी आणि किती वेळ काढून उचललं हे कुठल्याच कागदावर येत नाही. त्यामुळे मालकाच्या हिशोबात ते काम फुकटच झालेलं असतं.

नेमणूकपत्रही इथे फारसं मदतीला येत नाही. कामांच्या यादीच्या शेवटी ‘व्यवस्थापन वेळोवेळी सोपवेल ती इतर कामे’ अशा अर्थाची एक ओळ असतेच. तिच्या आधाराने बरंच काही मागता येतं. म्हणून ‘हे माझ्या कामात बसत नाही’ असं म्हणून फाइल परत ढकलणं धोक्याचं. वरिष्ठांचा कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून न पाळणं हे आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे. सरकारी खात्यात निदान ‘अतिरिक्त कार्यभार’ नावाची रीत आहे. त्याचा लेखी आदेश निघतो, आणि नियमात बसत असेल तर त्यापोटी जादा वेतनाची तरतूदही आहे. खासगी कारखान्यात आदेश निघतो तो दारातून जाता जाता, तोंडी.

तरी या दुखण्याकडे नीट पाहिलं तर त्यात तीन वेगळी दुखणी मिसळलेली दिसतात. कामाचा ताण या विषयावर रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये अमेरिकेत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. आपल्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे हे न कळणं आणि अंगावर पेलण्यापेक्षा जास्त काम असणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यात आपण तिसरी घालू: काम कळतंय, पेलतंयही, पण त्याचा मोबदला मिळत नाही. तिघांवरचा उपाय वेगळा. संदिग्धतेवर लिहून घेणं, भारावर काम कमी करून घेणं आणि मोबदल्यावर पैसे मागणं. बहुतेक लोक तिन्ही एकत्र करून ‘सर, खूप काम आहे हो’ असं म्हणतात. त्यावर साहेबांचं उत्तरही तयार असतं: “मलाही आहे.”

संदिग्धतेचा खरा चटका कुठे बसतो ते आपल्या असिस्टंटच्या महिन्यात बघता येतं. तिचं मूळचं काम तारखांवर चालतं: सातला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-1, वीसला 3बी. पगारपत्रक आल्यावर सातच्या आत पगारही व्हायला हवेत, आणि पंधराला पीएफ आणि ईएसआय. म्हणजे सात तारखेवर दोन कामं येऊन आदळली आणि मधला मोकळा आठवडाही गेला. ही झाली भाराची गोष्ट. पण एका महिन्यात तिने पीएफची फाइल चौदा तारखेलाच पोर्टलवर चढवली, चलन तयार केलं आणि पैसे भरताना बँकेचा ओटीपी गेला मालकांच्या मोबाइलवर. मालक दौऱ्यावर, फोन बंद. चलन सोळाला भरलं गेलं आणि उशिराचं व्याज लागलं. एप्रिलमध्ये पगारवाढीच्या बोलण्यात ‘पीएफला उशीर झाला होता’ हा मुद्दा तिच्या नावावर निघाला. काम तिचं धरलं, अधिकार तिचा नव्हता, आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. जास्तीचं काम अंगावर येतं ते एक वेळ चालेल, पण अधिकाराशिवायची जबाबदारी अंगावर येऊ देऊ नये. पगाराचा विषय काढायच्याही आधी याचा बंदोबस्त व्हायला हवा.

सुरुवात करायची ती नोंदीपासून, आणि तीही एका पूर्ण महिन्याची. आठवडा पुरत नाही, कारण हिशोबाच्या कामाला महिन्याची लय असते आणि वीस तारखेनंतरचा आठवडा फसवा मोकळा दिसतो. वही चालते, एक्सेलही चालतं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून चार गोष्टी लिहायच्या: काय काम केलं, साधारण किती वेळ गेला, ते कुणी सांगितलं आणि पूर्वी ते कुणाकडे होतं. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात, आणि बोलणीच्या वेळी सगळ्यात उपयोगी तोच पडतो. नोंदीत चिडचिड नको. ‘पुन्हा तिकिटं!’ असं लिहिलेला कागद कुणापुढे ठेवता येत नाही.

आपल्या असिस्टंटच्या महिन्यात कामाचे दिवस सव्वीस, रोजचे आठ तास धरले तर 208 तास. तिच्या नोंदीत भरले 224. त्यातले 92 तास मूळ कामाचे होते. पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयला 38, जीआरएनला 31, व्हेंडर पोर्टल आणि डिस्पॅचच्या कागदांना 27 गेले. तिकिटं, एसीवाला, वाढदिवसाचा केक अशा किरकोळीला 14. उरलेले 22 तास निव्वळ पाठपुराव्यात गेले: सही घे, ओटीपी माग, गेटवरून चलन आण. म्हणजे ज्या कामासाठी तिला घेतलं होतं त्याला तिच्या वेळेतला निम्मा भागही जात नव्हता. हा आकडा पाहून तिला स्वतःलाच आश्चर्य वाटेल. तिचा अंदाज असणार की पगारपत्रकच जीव खातंय. प्रत्यक्षात पाठपुरावा आणि जीआरएन मिळून त्यापेक्षा जास्त वेळ खात होते.

यानंतरचा विचार मात्र तिने एकटीने करायचा. यातलं कोणतं काम आपल्याला ठेवायचं आहे? सगळं वाढीव काम वाईट नसतं. पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय येणाऱ्या माणसाला बाहेर मागणी आहे. अकाउंट्सबरोबर पेरोल मागणाऱ्या जाहिराती नेहमी दिसतात आणि त्यातला पगार निव्वळ एंट्र्या करणाऱ्यापेक्षा वरचा असतो. जीआरएनचं तसं नाही. ते स्टोअरचं काम, आणि तिला स्टोअरमध्ये जायचं नाही. शिवाय इथे एक वेगळाच घोळ आहे. माल आला याची नोंद करणारा आणि त्या मालाचं बिल पास करणारा एकच माणूस असू नये, हा हिशोबातला जुना नियम. ऑडिटर हे दाखवतोच. जीआरएन परत देण्यासाठी तिला ‘मला जमत नाही’ म्हणायचीही गरज नाही. कारखान्याच्या पैशाची राखण हेच कारण पुरेसं आहे.

किरकोळीच्या 14 तासांचं काय? तास थोडे असतात, म्हणून हे काम कुणी गंभीरपणे घेत नाही. पण यात कुणाला हाक मारली जाते हे बघण्यासारखं असतं. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्या कामातून बढती मिळत नाही पण कुणी तरी ते करावंच लागतं, अशा कामाला स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात बायका जास्त वेळा पुढे येतात आणि त्यांना विचारलंही जास्त जातं, असं त्यांना दिसलं. केवळ पुरुषांचा गट केला की तेच पुरुष पुढे येऊन ते काम करू लागतात. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नाही, कोण करेल याची सगळ्यांना असलेली खात्री हा प्रश्न आहे. केक आणायची पाळी महिन्यागणिक फिरती ठेवा, एवढं म्हणायला पगारवाढीच्या बैठकीची वाट बघावी लागत नाही.

नोंद चालू असतानाच्या महिन्यातही नवी कामं येतच राहतात. त्यांना नाही म्हणायचं नाही, पण क्रम विचारायचा: “करते सर. पण आज जीएसटीआर-1 ची शेवटची तारीख आहे. हे आधी घेतलं तर ते रात्रीपर्यंत जाईल. कोणतं आधी घेऊ?” यात उद्धटपणा नाही, आणि निवड साहेबांना करावी लागते. निम्म्या वेळा उत्तर येतं, “मग हे उद्या कर.” हे वाक्य बोलायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. दोन-तीनदा म्हटलं की सवय होते.

बैठकीची वेळ मात्र नीट निवडावी. मार्चअखेरीच्या धांदलीत नको आणि वाढीची पत्रं छापून झाल्यावरही नको. बजेट ठरायच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे एप्रिलमध्ये वाढ होत असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, वीस-बावीस तारखेनंतरच्या निवांत दिवशी नाही जमलं तर निदान कुठलंही रिटर्न अंगावर नसताना. “सर, माझ्या कामाबद्दल अर्धा तास हवाय” असं आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. आणि एका पानाचा कागद न्यायचा, महिन्याची सगळी वही नाही.

त्या कागदावर तासांची बेरीज असेल आणि तीन मागण्या असतील. आपल्या असिस्टंटच्या मागण्या अशा: पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय कायमचं माझ्याकडे ठेवा, त्याप्रमाणे पद ‘अकाउंट्स अँड पेरोल एक्झिक्युटिव्ह’ करा आणि पगार बत्तीस हजार करा. जीआरएन या महिनाअखेर स्टोअरकडे परत द्या. आणि पीएफ-ईएसआयच्या चलनांसाठी तुम्ही नसताना दुसरं कोण मंजुरी देईल ते ठरवून द्या. बत्तीसचा आकडा तिने हवेतून काढलेला नको. त्याच वसाहतीतल्या, तेवढ्याच आकाराच्या कारखान्यांच्या चार-पाच जाहिराती पाहून आणि एखाद्या प्लेसमेंटवाल्याशी बोलून तो यायला हवा. शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतं हा मुद्दा काढला, की बोलणं कामावरून माणसांवर जातं आणि हातातून निसटतं. घरचा हप्ता, मुलाची फी हेही बाजूलाच ठेवावं. ती अडचण खरी असते, पण ती सांगितली की मागणी ही मदतीची याचना होते.

साहेब लगेच ‘हो’ म्हणतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांची उत्तरं ठराविक असतात. “यंदा ऑर्डर कमी आहेत” हे कधी खरं असतं. तेव्हा म्हणायचं, “पैसे आत्ता नसतील तर काम तरी कमी करू या, यातलं कोणतं काढू?” “एप्रिलमध्ये बघू” याला तारीख मागायची. आणि तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं: “पैशांचं सोड, तुला मॅनेजर करतो.”

या गोड उत्तराशी जरा सावध. कारखान्यातल्या कारकुनी काम करणाऱ्या माणसाला कामगार म्हणून काही संरक्षणं आहेत, त्यात जादा वेळेचे दुप्पट पैसे हे एक. व्यवस्थापकीय काम करणारा त्यातून वगळला जातो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही ही विभागणी कायम आहे. कारकुनी कामाला तिथे पगाराची मर्यादा नाही. देखरेखीचं काम करणाऱ्याला मात्र महिना अठरा हजारांची आहे. पदाच्या नावाला कायद्यात शेवटचा शब्द नसतो, हेही खरं. 1985 मध्ये मुंबईतल्या सीबा गायगीच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की माणसाचं मुख्य काम काय आहे ते बघायचं, पदाचं नाव किंवा जोडीला केलेली बारीकसारीक कामं बघून ठरवायचं नाही. पण हे सिद्ध करायला भांडावं लागतं. त्यामुळे ज्या पदाबरोबर ना पैसे येतात ना सही करायचा अधिकार, ते मॅनेजरपद घेण्यात तोटाच जास्त. ‘एक्झिक्युटिव्ह’ सारखं, कामाशी जुळणारं साधं नाव बरं. याच संहितांनी नेमणूकपत्र सर्वांना देणं बंधनकारक केलंय. ज्यांच्याकडे ते नाहीच, त्यांनी पहिली मागणी तीच करावी.

आपल्या उदाहरणात साहेबांनी घासाघीस केली असं धरू. जीआरएन परत गेलं, कारण ऑडिटरचा मुद्दा त्यांना पटला. पद बदलायला ते तयार झाले. पैशांवर अडले: पुढच्या महिन्यापासून साडेतीन हजार, बाकीचं सहा महिन्यांनी. हे वाईट नाही, पण बैठकीतून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी एक मेल जायला हवा. तोंडी ठरलेली गोष्ट पुढच्या महिन्यात दोघांना दोन तऱ्हांनी आठवते. मेल एवढाच:

“सर, आज आपलं जे ठरलं ते नोंदवून ठेवते. पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय यापुढे माझ्याकडे राहील. जीआरएन 1 मार्चपासून स्टोअरकडे जाईल, त्याआधी दोन दिवस मी त्यांना शिकवेन. आपण दौऱ्यावर असताना चलनांची मंजुरी वर्क्स मॅनेजर देतील. पगारात मार्चपासून 3,500 रुपये वाढ, आणि पुढचा आढावा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. काही राहिलं असल्यास कळवावं.”

या मेलमध्ये आभाराची लांबण नाही की तक्रारही नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. उत्तर आलं नाही तरी ठरलेलं तसंच राहतं, आणि दुरुस्ती आली तर आत्ताच येते. मंजुरीची ओळ पगाराच्या ओळीइतकीच महत्त्वाची. पुढच्या वेळी पीएफला उशीर झाला तर तो कुणाकडे अडकला हे कागदावर असेल. पदबदलाचं मात्र मेलवर भागत नाही. त्याचं लेटरहेडवरचं, सहीचं पत्र घ्यावं.

हे सगळं सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. प्रोबेशनवर असलेल्या नव्या मुलाला आधी कायम व्हायचं असतं. त्याने नोंद ठेवावी आणि क्रम विचारावा, मागणीला थोडं थांबावं. कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असलेल्या माणसाचं आणखी अवघड, कारण काम सांगणारा एक आणि पगार देणारा दुसरा. त्याने कारखान्यातल्या साहेबांकडून वाढीव कामाचा निदान एक मेल मिळवावा आणि तो कंत्राटदाराला पाठवावा. आणि जिथे मालकाला घडवून आणायचंच नसतं, तिथे आढाव्याची तारीख एकदा पुढे जाते, मग पुन्हा पुढे जाते. एकदा गेली तर आठवण करायची. दुसऱ्यांदा गेली, की पुढच्या नोकरीसाठी अर्ज सुरू करायचे, ऑफिसात न बोलता. दुसऱ्या कंपनीचं पत्र दाखवून पगार वाढवून घेता येतो, पण ते खेळायचं असेल तर खरंच जायची तयारी असताना. “जा मग” हेही उत्तर येऊ शकतं.

अर्ज करताना एक चूक बरेच जण करतात. आपण मॅनेजरचं काम करत होतो म्हणून रेझ्युमेत पदाचं नाव स्वतःच ‘मॅनेजर’ लिहितात. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा जुन्या कंपनीकडून पदाचं नाव आणि तारखा एवढंच विचारलं जातं, आणि रिलीव्हिंग लेटरवर ‘अकाउंट्स असिस्टंट’ असतं. हातात आलेली ऑफर तिथे जाऊ शकते. पद जसं आहे तसंच लिहावं आणि त्याखाली प्रत्यक्ष काम: साठ माणसांचं पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची मासिक पूर्तता, जीएसटी रिटर्नची तयारी, ग्राहकाच्या व्हेंडर पोर्टलचं काम. महिनाभर लिहिलेली वही इथे पुन्हा उपयोगी पडते, कारण मुलाखतीत ‘किती माणसांचा पगार, कोणत्या तारखांना, कशावर करायचात’ हे विचारलं की उत्तर अडत नाही. निघताना जमलं तर रिलीव्हिंग लेटरबरोबर केलेल्या कामांची नोंद असलेलं अनुभवपत्र मागावं. मसुदा आपणच टाइप करून दिला तर छोट्या कारखान्यात बहुधा त्यावर सही मिळते. वही आपली, पण कामगारांच्या पगाराच्या फाइली कंपनीच्या. त्या पेनड्राइव्हवर घरी न्यायच्या नाहीत.